व्हॉयेज चार्टर की टाइम चार्टर? इंधन आणि बंदराचा खर्च कोणाच्या माथी: बेळगाव भागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मुख्यतः साखरेच्या धंद्यातल्या लोकांचे आहेत. निपाणी, चिकोडी, संकेश्वर, अथणी, खानापूर या पट्ट्यातल्या कारखान्यांचे एक्स्पोर्ट बघणारे, बेळगावातले व्यापारी, ट्रान्स्पोर्टवाले आणि जहाज कंपनीत नोकरीला लागलेली काही पोरं. केंद्राकडून निर्यातीचा कोटा सुटला की फोन सुरू होतात आणि प्रत्येक वेळी गाडी याच दोन शब्दांवर अडते. म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली. उदाहरणातले भाव हिशेब समजावा म्हणून धरलेले आहेत. बाजारभाव रोज बदलतो, तो ब्रोकरकडूनच घ्यावा.

दोन्हीत नेमका फरक काय?

आपल्याकडे ट्रक दोन प्रकारे मिळतो. एक खेपेवर: निपाणीहून मुरगावला माल पोचव, टनाला इतके घे, डिझेल तुझं, टोल तुझा. दुसरा महिन्याच्या बोलीवर: गाडी आणि ड्रायव्हर मालकाचे, पण कुठे पाठवायची ते तुम्ही ठरवायचं आणि डिझेल, टोल तुम्ही भरायचा. गाडी उभी राहिली तरी मीटर चालूच. पहिला प्रकार म्हणजे व्हॉयेज चार्टर, दुसरा टाइम चार्टर.

व्हॉयेज चार्टरमध्ये जहाजमालक ठरलेला माल या बंदरातून त्या बंदरात नेऊन देतो आणि टनामागे फ्रेट घेतो. टाइम चार्टरमध्ये तो खलाशांसकट जहाज तुमच्या दिमतीला देतो आणि दिवसाला हायर घेतो. ‘टाइम’ म्हटलं की लोकांना वर्ष-दोन वर्षांचा करार वाटतो. तसं काही नाही. एकाच फेरीसाठीही जहाज दिवसाच्या भाड्यावर मिळतं, त्याला ट्रिप टाइम चार्टर म्हणतात. खालचं उदाहरण त्याच्यावरच आहे.

इंधन आणि बंदराचा खर्च कोणाकडे, हे नुसतं पाठ करण्यापेक्षा जहाजाचा वेळ कोणी विकत घेतलाय ते बघा. वेळ मालकाकडे असेल तर जहाज चालवण्याचा खर्चही त्याच्याकडे असतो. वेळ तुम्ही घेतला असेल, तर वेळेबरोबर वाहणारा सगळा खर्च तुमच्याकडे येतो.

व्हॉयेज चार्टरमध्ये इंधनाचा पैसा कोण देतो?

जहाजमालक. त्याने फ्रेट सांगितलं तेव्हाच इंधन त्यात धरलेलं असतं. सही झाल्यावर तेल महागलं तर तो त्याचा तोटा, स्वस्त झालं तर त्याचा फायदा. एका फेरीच्या करारात मालक मागाहून येऊन इंधनवाढ मागू शकत नाही. मात्र वर्षभरात पाच-सहा जहाजं भरायची असा एकत्रित करार असेल, तर त्यात इंधनाच्या भावाप्रमाणे फ्रेट वर-खाली करणारं कलम बहुतेक वेळा असतं. तेवढं वाचून घ्या.

आणि टाइम चार्टरमध्ये?

जहाज घेणारा, म्हणजे तुम्ही. मुख्य इंजिन जाळतं ते, बंदरात उभं असताना जनरेटर जाळतात ते आणि जहाजाच्या क्रेन चालवायला लागतं ते, सगळं इंधन तुमचं. इंजिनचं लुब्रिकेटिंग तेल मात्र मालकाचं. खलाशांचे पगार, जेवणखाण, जहाजाचा विमा, दुरुस्ती आणि सुटे भागही त्याचेच. सुक्या मालाच्या जहाजांसाठी जगभर न्यूयॉर्क प्रोड्यूस नावाचा नमुना वापरतात. तो १९१३ पासून चालत आलाय, त्याच्या आवृत्त्या बदलत गेल्या, पण ही वाटणी मुळात तीच राहिली.

नवख्या माणसाला दचकवणारी गोष्ट इथेच आहे. जहाज ताब्यात येतं तेव्हा त्याच्या टाक्यांत आधीचं इंधन असतं. ते तुम्ही विकत घ्यायचं. जहाज परत देताना टाकीत जे उरेल ते मालक तुमच्याकडून विकत घेतो. दोन्ही वेळचा भाव करारात लिहिलेला असतो आणि शक्यतो एकच असावा. नाहीतर ताबा घेताना चढा भाव आणि परत देताना उतरलेला, असं होऊन फरक तुमच्या अंगावर बसतो.

टाकीत किती टन आहे हे मालकाच्या शब्दावर मानायचं नसतं. ताब्याच्या वेळी आणि परतीच्या वेळी बंकर सर्व्हे होतो. सर्व्हेअर टाक्यांची खोली मोजतो, तापमान घेतो, जहाजाच्या तक्त्यावरून टन काढतो आणि चीफ इंजिनिअरची सही घेतो. सर्व्हेची फी वाचवून पुढे पन्नास टनांचा वाद घालत बसणारी माणसं या धंद्यात कमी नाहीत.

इंधनाचा प्रकारही तपासा. १ जानेवारी २०२० पासून जहाजाच्या इंधनात गंधक ०.५० टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. त्याआधी ३.५० टक्के चालत होतं. ज्या जहाजांवर धूर धुण्याचं यंत्र, म्हणजे स्क्रबर आहे, त्यांना जुनं स्वस्त इंधन जाळता येतं. म्हणून दोन जहाजांचं दिवसाचं भाडं सारखं दिसलं तरी तुमच्या खिशातून जाणारा इंधनाचा पैसा सारखा नसतो.

बंदराचा खर्च म्हणजे काय काय, आणि तो कोणाचा?

इथे दोन ढीग आधी वेगळे करा.

पहिला ढीग जहाजामुळे लागणारा: पोर्ट ड्यूज, पायलट, टग, धक्क्याचं भाडं, दोर बांधणारे-सोडणारे, दीपगृहाचा कर, एजंटची फी. व्हॉयेज चार्टरमध्ये हे जहाजमालक देतो, टाइम चार्टरमध्ये तुम्ही देता. वाद होतात ते सगळे याच ढिगावर.

दुसरा ढीग मालामुळे लागणारा: मालावरचं व्हार्फेज म्हणजे धक्का वापरल्याचं शुल्क, गोदाम, कस्टमचं काम, स्टिव्हडोर म्हणजे माल भरणारे-उतरवणारे. व्हार्फेज आणि कस्टम दोन्ही करारांत मालवाल्याच्या बाजूला राहतात. माल भरण्या-उतरवण्याची मजुरी मात्र व्हॉयेज चार्टरमध्ये शर्तीवर अवलंबून असते. ‘एफआयओएसटी’ लिहिलं असेल तर भरणं, उतरवणं, रचणं आणि सपाट करणं यांपैकी कशाचाही पैसा मालक देणार नाही. सुट्या साखरेत बहुधा हेच लिहिलेलं असतं. ‘लायनर टर्म्स’ असतील तर ती मजुरी फ्रेटमध्येच धरलेली असते. दोन कोटेशनांत टनाला चार-पाच डॉलरचा फरक दिसला, तर आधी हा शब्द शोधा.

टाइम चार्टरमध्येही बंदराचं प्रत्येक बिल तुमचं नसतं. खलाशी बदलायला लाँच लागली, कॅप्टनला रोख रक्कम दिली, सुटे भाग कस्टममधून सोडवले, तर ते मालकाच्या खात्यात. आजारी खलाशाला उतरवायला किंवा इंजिन दुरुस्तीला जहाज मधल्याच बंदरात शिरलं, तर त्या बंदराचा सगळा खर्चही मालकाचा. एजंट मात्र बऱ्याचदा एकच असतो आणि तो सगळी बिलं एकाच फाइलला लावून पाठवतो. म्हणून जहाज येण्याआधीचा अंदाजी हिशेब आणि नंतरचा पक्का हिशेब शेजारी ठेवून ओळ न् ओळ बघायची, आणि मालकाच्या ओळी हायरमधून वळत्या करायच्या.

एक उदाहरण आकड्यांत दाखवाल का?

दाखवतो. ३०,००० टन कच्ची साखर. कारखान्यांतून लोंढा-कॅसलरॉकच्या रेल्वेने आणि घाटातल्या ट्रकांनी मुरगाव बंदरात. तिथून श्रीलंकेला दक्षिणेकडून वळसा घालून बांगलादेशात चट्टग्राम. एवढं मोठं जहाज पाल्कच्या सामुद्रधुनीतून जात नाही, म्हणून वळसा. अंतर सुमारे १,९०० सागरी मैल, बारा नॉटने साधारण सात दिवस. माल भरायला चार दिवस, उतरवायला आठ दिवस. म्हणजे एकूण १९ दिवस.

व्हॉयेज चार्टरचा भाव टनाला १८ डॉलर धरू, शर्त एफआयओएसटी. फ्रेट झालं ५,४०,००० डॉलर. इंधन नाही, जहाजाचा बंदरखर्च नाही. भरायला चार आणि उतरवायला आठ दिवस मोफत, त्यावर उशीर झाला तर दिवसाला १४,००० डॉलर डेमरेज, म्हणजे खोळंब्याची भरपाई.

आता तेच जहाज टाइम चार्टरवर, दिवसाला १५,००० डॉलर. मुरगावला ताबा, चट्टग्रामला परत. १९ दिवसांचं हायर २,८५,००० डॉलर. समुद्रात दिवसाला २० टन याप्रमाणे सात दिवसांत १४० टन इंधन, बंदरात क्रेन चालू असताना दिवसाला ४ टन याप्रमाणे बारा दिवसांत ४८ टन. मिळून १८८ टन, टनाला ६०० डॉलर धरले तर १,१२,८०० डॉलर. दोन्ही बंदरांत जहाजामुळे लागणारा खर्च १,१०,००० डॉलर. बेरीज ५,०७,८०० डॉलर, म्हणजे टनाला १६.९३.

स्टिव्हडोर आणि व्हार्फेज दोन्हीकडे तुमचेच, म्हणून ते धरलेले नाहीत. कागदावर टाइम चार्टर ३२,२०० डॉलरने स्वस्त दिसतं.

मग टाइम चार्टरच घ्यावं ना?

थांबा. हा हिशेब सगळं वेळेवर झालं तरचा आहे. आता एकेक अडचण घालून बघू.

भरताना मुरगावला तीन दिवस पाऊस लागला. एप्रिल-मे मध्ये वळीव आला की साखरेच्या जहाजाची झाकणं बंद होतात, कारण ओली साखर कोणी घेत नाही. व्हॉयेज चार्टरमध्ये ‘वेदर वर्किंग डे’ अशी शर्त असेल तर पावसाचे दिवस मोफत मुदतीत मोजत नाहीत. तुम्हाला खर्च शून्य. टाइम चार्टरमध्ये पाऊस असो वा ऊन, हायर चालूच: ४५,००० डॉलर, शिवाय उभ्या जहाजाचं दिवसाला ३ टन इंधन, म्हणजे ५,४०० डॉलर. एकूण ५०,४०० डॉलर. तीन दिवसांच्या पावसात वरचे ३२,२०० केव्हाच वाहून गेले.

बंगालच्या उपसागरात वादळ आलं आणि जहाजाला तीन दिवस जास्त लागले. व्हॉयेज चार्टरमध्ये तो मालकाचा प्रश्न. टाइम चार्टरमध्ये ४५,००० हायर आणि रोज २० टन धरले तर ३६,००० इंधन, मिळून ८१,००० डॉलर तुमचे.

तेल ६०० वरून ७५० वर गेलं. टाइम चार्टरला २८,२०० डॉलरचा फटका, व्हॉयेजला काही नाही. पण हे समजून घ्या की सात दिवसांच्या फेरीत इंधनाचा भाव हा मोठा शत्रू नाही. दहा-वीस टक्के भाववाढीपेक्षा दोन-तीन वाया गेलेले दिवस जास्त खातात. लांबच्या फेरीत, समजा पश्चिम आफ्रिकेला, हे गणित उलटं होतं.

आणि आता ज्याची सगळ्यांना भीती असते ते: चट्टग्रामला दहा दिवस रांग. कर्णफुली नदीतल्या धक्क्यांना खोलीची मर्यादा आहे, म्हणून मोठ्या जहाजांचा माल बाहेरच्या नांगरवाड्यावर छोट्या लायटर जहाजांत उतरवतात. लायटर मिळेनात, की जहाज तिष्ठत राहिलं. टाइम चार्टरमध्ये दहा दिवसांचं हायर १,५०,००० आणि इंधन १८,०००, मिळून १,६८,०००. एकूण खर्च ६,७५,८०० डॉलर. व्हॉयेज चार्टरमध्ये दहा दिवसांचं डेमरेज १,४०,०००. एकूण ६,८०,००० डॉलर.

जवळजवळ सारखंच! ‘व्हॉयेज चार्टर घेतलं की उशिराची काळजी नाही’ असं छातीठोक सांगणारे पुष्कळ भेटतात, त्यांना हे दोन आकडे दाखवा. समुद्रातला उशीर मालकाचा असतो, पण मोफत मुदत संपल्यावर बंदरातला उशीर दोन्ही करारांत तुमचाच. डेमरेजच्या त्या १४,००० मध्ये मालकाने उभ्या जहाजाचं इंधनही धरलेलं असतं. इंधनाचं वेगळं बिल येत नाही, एवढंच.

रांगेतले दिवस मोफत मुदतीत कधीपासून मोजतात?

कॅप्टनने नोटीस ऑफ रेडिनेस, म्हणजे जहाज तयार असल्याची नोटीस दिल्यावर करारात लिहिलेले तास गेले की. धक्का मिळाला नसला तरी नोटीस देता येईल असं लिहिलं असेल, तर बाहेर नांगर टाकल्यावरच घड्याळ सुरू होतं. आणि एकदा मुदत संपून डेमरेज सुरू झालं की मग पाऊस, रविवार, सण काही वगळत नाहीत. तोवर मदतीला येणारी पावसाची शर्त तिथून पुढे उपयोगाची नाही, करारात स्पष्ट वेगळं लिहिलं असेल तर गोष्ट वेगळी. चट्टग्रामच्या रांगेनंतर पाऊस आला तर तो तुमच्या पैशाने पडतो.

आमचा कारखाना एफओबी विकतो. जहाज खरेदीदाराचं. मग आम्हाला याच्याशी काय देणंघेणं?

बेळगाव भागातल्या विक्रेत्यांना प्रत्यक्षात चटका बसतो तो इथेच, म्हणून जरा सविस्तर.

जहाजाचा करार तुम्ही केलेला नसतो, पण माल अमुक वेगाने भरून देण्याची हमी तुम्ही विक्रीच्या करारात दिलेली असते. चोर्ल्याला दरड आली, अनमोडला ट्रकांची रांग लागली, रेल्वेचा रेक मिळाला नाही, आणि जहाज रिकामं पोट घेऊन मुरगावला उभं राहिलं. खरेदीदार ते दिवस तुमच्या नावावर मांडणार. घाट तुमचा, दरड देवाची, पण बिल तुमचंच.

आता विक्रीच्या करारात बऱ्याच वेळा एवढंच लिहिलेलं असतं: ‘डेमरेज चार्टर पार्टीप्रमाणे’. चार्टर पार्टी म्हणजे जहाजाचा करार, आणि तो तुम्ही पाहिलेला नसतो. खरेदीदाराने जहाज व्हॉयेजवर घेतलं असेल तर तिच्यात निदान एक दर असतो. पण त्याने ते टाइम चार्टरवर घेतलं असेल तर तिच्यात डेमरेज हा प्रकारच नसतो, नुसतं हायर असतं. मग खरेदीदार हायर, त्यावर उभ्या जहाजाचं इंधन आणि धक्क्याचं जास्तीचं भाडं असं सगळं जोडून दावा पाठवतो. आमच्या उदाहरणात १५,००० हायर आणि ३ टनांचे १,८०० मिळून दिवसाला १६,८०० होतात, १४,००० नव्हे.

म्हणून विक्रीच्या करारातच दिवसाचा डेमरेज दर आकड्यात घाला. भरण्याचा वेग तुमच्या ट्रक आणि रेकच्या ताकदीला झेपेल एवढाच द्या. पावसाचे दिवस वगळलेले असू द्या. आणि लवकर भरून दिलं तर डिस्पॅच, जो बहुधा डेमरेजच्या निम्मा असतो, तोही मागा. इंधन आणि बंदरखर्च त्या दरात आले, वेगळे नाहीत, असं एक वाक्य टाकलंत तर पुढची बरीच पत्रापत्री वाचते.

पैसे कधी द्यावे लागतात?

व्हॉयेज चार्टरमध्ये फ्रेटचा बहुतेक भाग, बऱ्याचदा ९५ टक्के, माल भरून बिल ऑफ लेडिंगवर सही झाल्यावर काही बँक दिवसांत. बाकी हिशेब मागाहून.

टाइम चार्टरमध्ये हायर पंधरा दिवसांचं आगाऊ. त्यात टाकीतल्या इंधनाचा पैसाही पहिल्याच हप्त्यात. आमच्या जहाजात ताब्याच्या वेळी ४०० टन होतं असं धरा: २,२५,००० हायर आणि २,४०,००० इंधन, मिळून ४,६५,००० डॉलर पहिल्याच झटक्यात जातात, साखरेचं एक पोतं जहाजात पडण्याआधी. शेवटी २१२ टन उरलं तर त्याचे १,२७,२०० डॉलर परत मिळतात, सहसा शेवटच्या हायरमधून वळते करून. एकूण खर्च तोच, पण भांडवल अडकतं. ज्याचं बँकेचं कर्ज आधीच हंगामात ताणलेलं असतं त्याने हे व्याज हिशेबात धरलंच पाहिजे. हायरचा हप्ता चुकला तर मालकाला जहाज काढून घेण्याचा हक्क असतो, तेव्हा ‘सोमवारी भरतो’ इथे चालत नाही.

इंजिन बंद पडलं तर?

व्हॉयेजमध्ये मालकाचं नुकसान. टाइम चार्टरमध्ये जहाज ऑफ-हायर होतं: वाया गेलेल्या वेळेचं हायर थांबतं आणि त्या काळात जळलेलं इंधनही मालकाच्या खात्यात जातं. हे आपोआप होत नाही. इंजिन लॉग, डेक लॉग आणि कॅप्टनचे संदेश गोळा करून तुम्हीच तास आणि टन मांडायचे. आणि रांग, पाऊस, लायटर नसणं, बंदरातला संप ही साधारणपणे ऑफ-हायरची कारणं नव्हेत. दोष जहाजात किंवा खलाशांत हवा.

जहाज सांगितल्यापेक्षा जास्त इंधन खातंय हे कसं ओळखायचं?

करारात लिहिलेलं असतं: इतक्या नॉटला सुमारे इतके टन, चांगल्या हवेत. चांगली हवा म्हणजे बहुधा वाऱ्याच्या बोफर्ट मापावर ४ पर्यंत. ‘सुमारे’ या शब्दाने मालकाला वेगात अर्धा नॉट आणि इंधनात पाच टक्क्यांची सूट मिळते, असं सहसा मानतात.

कॅप्टन रोज दुपारी नून रिपोर्ट पाठवतो: चोवीस तासांत अंतर किती, इंधन किती, वारा कसा. फक्त चांगल्या हवेचे दिवस वेगळे काढा. २० टनांवर पाच टक्के म्हणजे २१ पर्यंत बोलायला जागा नाही. त्या दिवसांत सातत्याने २३ दिसत असेल तर दावा आहे. पण रिपोर्टमध्ये वारा रोज नेमका ५ लिहिलेला दिसला, आणि हवामान कंपनीच्या नोंदीत तो ३ असेल, तर समजायचं की कॅप्टन मालकाची बाजू सांभाळतोय. व्हॉयेज चार्टरमध्ये यातलं काहीच तुम्हाला बघावं लागत नाही. कमी माणसांच्या ऑफिससाठी ही सोयसुद्धा पैशाइतकीच मोलाची आहे.

कॅप्टन कोणाचं ऐकतो? इंधन आमचं, आणि त्याने लांबचा रस्ता घेतला तर?

कुठे जायचं आणि काय भरायचं हे टाइम चार्टररचं, म्हणजे जहाज भाड्याने घेणाऱ्याचं ऐकतो, जहाजाच्या सुरक्षिततेचा निर्णय त्याचा स्वतःचा. या रेषेवर इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये २००० साली ‘हिल हार्मनी’ जहाजाचा खटला निकाली निघाला. व्हँकुव्हरहून जपानला जाताना चार्टररने जवळचा उत्तरेकडचा मार्ग सांगितला होता. कॅप्टनने मागच्या खराब हवेच्या अनुभवावरून दक्षिणेकडचा लांब मार्ग धरला. दिवस जास्त गेले, इंधन जास्त जळलं. निकाल चार्टररच्या बाजूने लागला: पटण्याजोगं सुरक्षेचं कारण नसेल तर मार्गाची सूचना पाळायला हवी.

इंधन विकणाऱ्याचे पैसे चार्टररने बुडवले तर?

मग तो विकणारा जहाजाच्या मागे लागतो आणि अनेक देशांत जहाज अडकवूनही ठेवतो. नोव्हेंबर २०१४ मध्ये ओ.डब्ल्यू. बंकर ही जहाजांना इंधन विकणारी डेन्मार्कची मोठी कंपनी बुडाली तेव्हा अनेक जहाजमालकांना एकाच इंधनासाठी बुडालेल्या कंपनीची बाजू आणि प्रत्यक्ष इंधन भरणारा पुरवठादार अशा दोघांकडून मागणी आली. म्हणून टाइम चार्टर देताना मालक तुमची पत तपासतो आणि नवख्या कंपनीला नकारही देतो. त्यात अपमान मानू नये.

थोडक्यात, आम्ही कोणतं घ्यावं?

वर्षाला एक-दोन जहाजं, ऑफिसात दोन माणसं, खरेदीदार ठरलेला: व्हॉयेज चार्टर घ्या आणि सगळी ताकद भरण्याच्या वेगावर आणि डेमरेजच्या दरावर लावा. इंधनाचा विचारच सोडा.

टाइम चार्टर त्याला परवडतं ज्याच्याकडे सतत माल आहे, दोन्ही टोकांच्या बंदरांत ओळखीचे एजंट आहेत, इंधनाचा भाव रोज बघणारा माणूस आहे आणि परतीच्या फेरीला दुसऱ्याचा माल मिळवता येतो. आपल्या भागातल्या एखाददुसऱ्या कारखान्यालाच हे जमण्यासारखं आहे. काही कारखान्यांनी एकत्र येऊन जहाज घ्यायचं ठरवलं, तरी दिवस वाया गेल्यावर हायर कोणाच्या वाट्याला, हे आधी आपसात लिहून घ्यावं लागेल. साखर एकाच होल्डमध्ये मिसळते, पण उशीर करणारा ट्रक कोणाचा होता हे सगळ्यांना आठवत असतं.

वाद झालाच तर कोणते कागद हातात हवेत?

सगळ्यात आधी स्टेटमेंट ऑफ फॅक्ट्स. जहाज कधी आलं, नोटीस कधी दिली, भरणं कधी सुरू झालं, पाऊस किती ते किती, क्रेन कधी बंद पडली, हे तास-मिनिटांत त्यात असतं आणि त्यावर एजंट, कॅप्टन, स्टिव्हडोर यांच्या सह्या असतात. पटत नसलेली नोंद दिसली तर सही नाकारत बसू नका. सही करा, पण शेजारी ‘हरकत राखून’ असं हाताने लिहा आणि कारण एका ओळीत द्या. क्रेन बंद होती आणि नोंद ‘ट्रक नाहीत’ अशी झाली, तर तो दिवस कोणाचा हे तिथेच ठरून जातं. म्हणून जहाज मुरगावला असेपर्यंत तुमचा एक माणूस धक्क्यावर हवा, बेळगावच्या ऑफिसात नव्हे.

टाइम चार्टर असेल तर यात दोन्ही बंकर सर्व्हे, नून रिपोर्ट आणि एजंटचा पक्का हिशेब जोडा. दावा किती दिवसांत पाठवायचा याची मुदत करारात असते आणि व्हॉयेज चार्टरमध्ये ती कधी कधी फार थोडी असते. करार हातात आला की ती तारीख आधी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा.